‘इझन्ट इट’ म्हणताना आपण नक्की कोणाला काय विचारतोय?

परवा माझ्या संध्याकाळच्या बॅचमधल्या एका मुलाने मोबाईलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून आणलं. मी कोथरूडला घरीच स्पोकन इंग्लिशच्या बॅचेस घेते, हा मुलगा चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत आहे, आणि पुढच्या महिन्यापासून त्याला इंग्लंडमधल्या कस्टमरशी दर आठवड्याला कॉलवर बोलावं लागणारे, म्हणून मीच त्याला म्हटलं होतं की समोर कस्टमर आहे असं समजून दोन मिनिटं बोल आणि घेऊन ये. आणलं त्याने. बोलणं छान होतं, अडखळला नाही, शब्द नेमके होते, पण दोन मिनिटात सहा वेळा ‘इझन्ट इट’. मी ती सहाही वाक्यं वहीत उतरवून घेतली आणि आम्ही दोघं त्यावर तासभर बसलो. हा लेख म्हणजे साधारण तोच तास आहे, कारण त्या सहा वाक्यांमध्ये हा सगळा विषय आला.

आधी टॅग क्वेश्चन म्हणजे काय ते पटकन. वाक्य बोलून झालं की शेवटी जी छोटी प्रश्नाची शेपटी लावतात ती. आपण सगळ्यांनी हे शाळेत केलंय, दहावीच्या पेपरात ‘डू ॲज डायरेक्टेड’मध्ये ‘ॲड अ क्वेश्चन टॅग’ असायचंच. नियमही पाठ असतो: वाक्यातलं हेल्पिंग व्हर्ब उचलायचं, ते नसेल तर डू, डझ किंवा डिड घ्यायचं, वाक्य होकारार्थी असेल तर टॅग नकारार्थी करायचा आणि नकारार्थी असेल तर उलटं, आणि शेवटी कर्त्याच्या जागी ही, शी, इट, दे यातलं जे बसेल ते सर्वनाम. म्हणजे ‘शी कॅन ड्राइव्ह, कान्ट शी?’ किंवा ‘दे डिडन्ट कॉल, डिड दे?’ काही वेडेवाकडे आहेत, ‘आय ॲम लेट’ला ‘आरन्ट आय’ लागतं, ‘लेट्स गो’ला ‘शॅल वी’, आणि ‘नेव्हर’ किंवा ‘हार्डली’ असेल तर वाक्य दिसायला होकारार्थी असलं तरी ते नकारार्थीच धरायचं. बस, एवढंच.

पेपरात हे सगळं बरोबर लिहिणारी मुलं बोलताना मात्र सगळीकडे एकच ‘इझन्ट इट’ लावतात, आणि याचं कारण त्यांचं ग्रामर कच्चं आहे हे नाही. कारण आपला ‘ना’ आहे.

मराठीत बघा. तू येणार ना? ती गेली ना? आपण कालच बोललो ना? त्यांनी पैसे नाही दिले ना? कर्ता बदलला, काळ बदलला, होकाराचं नकार झालं, ‘ना’ तसाच. त्याला वाक्यात काय चाललंय याच्याशी काही देणंघेणं नाही, तो शेवटी येऊन बसतो आणि काम करतो. आणि आपण एकटे नाही आहोत, फ्रेंच लोकांचं ‘नेस पा’, जर्मन लोकांचं ‘निष्ट वार’ हेही असंच एकच ठरलेलं शेपूट आहे. इंग्लिशच जरा वेगळी आहे, तिथे टॅग दर वाक्याला नवा बनवावा लागतो. त्यामुळे बोलताना घाईत डोक्यात ‘ना’ येतो, तोंडाला त्याच्या बदल्यात काहीतरी एक हवं असतं, आणि ‘नाही का’चं जसंच्या तसं इंग्लिश म्हणजे ‘इझन्ट इट’, ते येऊन बसतं.

पण ‘ना’ फक्त प्रश्न विचारत नाही, ही खरी गोम आहे. ‘ये ना घरी’ यात प्रश्न नाही, आग्रह आहे. ‘मी ना, काल ना, लक्ष्मी रोडला गेले होते’ यात तर नुसतं ऐकणाऱ्याचं बोट धरून ठेवलंय. ‘मला नको ना’ यात कुरकुर आहे. ‘आहे ना!’ म्हटलं की ठासून सांगणं झालं. एवढी सगळी कामं करणारा शब्द आपण उचलतो आणि त्याच्या जागी असा एक टॅग ठेवतो ज्याला फक्त दोनच कामं येतात, खात्री करून घेणं आणि ‘बरोबर म्हणतोय ना मी’ असं समोरच्याला आपल्या बाजूला घेणं. बाकीची कामं करायला लावली की तो टॅग वाक्यात नुसता लोंबकळतो.

आता त्या मुलाची वाक्यं घेते. पहिलंच होतं, ‘आय ॲम फ्रॉम सातारा, इझन्ट इट?’ याचा ‘बरोबर’ टॅग काय असं विचारलं तर त्याने लगेच सांगितलं, ‘आरन्ट आय’. नियमाने बरोबर. पण मग वाक्य झालं, ‘मी साताऱ्याचा आहे, हो की नाही हो?’ समोर बर्मिंगहॅमला बसलेल्या माणसाला हे कुठून माहीत असणार?

हे नीट कळावं म्हणून मी त्याला उलटा प्रयोग करून दाखवला. समज एखादा परदेशी माणूस मराठी शिकलाय, आणि त्याला कोणीतरी सांगितलंय की मराठी लोक वाक्याच्या शेवटी ‘नाही का’ लावतात. तो बाजीराव रोडवरच्या दुकानात जाऊन म्हणतो, ‘मी काल पुण्यात आलो, नाही का? मला पाव किलो बाकरवडी द्या, नाही का? माझ्याकडे सुट्टे आहेत, नाही का?’ दुकानदार काय म्हणेल? त्याला प्रत्येक शब्द कळेल आणि तरी तो गोंधळेल, कारण या माणसाच्या खिशात सुट्टे आहेत की नाहीत हे दुकानदाराला विचारण्यात काय अर्थ आहे. व्याकरण कुठेही चुकलेलं नाहीये. चुकलंय ते हे की जी गोष्ट फक्त बोलणाऱ्याला माहीत आहे ती तो ऐकणाऱ्याला विचारतोय.

भाषेचा अभ्यास करणाऱ्यांकडे यासाठी एक सोपी विभागणी आहे. विल्यम लबॉव्ह आणि डेव्हिड फॅनशेल या दोघांनी १९७७ मध्ये ती मांडली. काही गोष्टी फक्त बोलणाऱ्याला माहीत असतात, त्यांना त्यांनी ए म्हटलं, काही फक्त ऐकणाऱ्याला माहीत असतात, त्या बी, आणि काही दोघांनाही, त्या एबी. माझं नाव, माझं गाव, माझी काल रात्रीची झोप हे ए. तुमच्या ऑफिसमध्ये मीटिंग झाली की नाही हे माझ्या बाजूने बी. आज उकडतंय हे एबी, दोघंही घामाघूम आहोत. टॅगला ऐकणाऱ्याकडून काहीतरी हवं असतं, त्यामुळे तो बी आणि एबीवर बसतो, ए वर बसतच नाही. माझ्या मते शाळेत हे एवढं एक जरी सांगितलं असतं तरी अर्धे टॅग आपोआप गळाले असते, पण शाळेत वाक्य आधीच छापलेलं असतं आणि आपण फक्त शेपटी जोडायची असते, ती जोडायची गरज आहे का हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

आता दुसरं वाक्य ऐका, कारण मला स्वतःला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ‘द सॅम्पल इज रेडी, इझन्ट इट?’ मुलगा म्हणाला, मॅडम हे तर बरोबरच आहे, सॅम्पल म्हणजे इट, इज आहे म्हणून इझन्ट. खरंय, पेपरात पूर्ण मार्क. पण सॅम्पल कुठे आहे? चाकणला, त्याच्या टेबलावर. कस्टमर इंग्लंडमध्ये. तो हे ऐकून काय समजेल? एक तर ‘यालाच माहीत नाहीये का तयार आहे की नाही?’ किंवा ‘मी काहीतरी मेल वाचायची राहिलीय का?’ म्हणजे व्याकरणात शंभर टक्के बरोबर असलेला टॅग कॉलवर तुमच्यावरचा विश्वास कमी करतो. आणि ‘माझ्याकडे जे आहे ते मला पक्कं माहीत नाही’ हा अर्थ त्याच्या मनात अजिबात नव्हता, त्याच्या मनात होता आपला साधा ‘सॅम्पल तयार आहे ना, तर...’ म्हणजे पुढच्या बोलण्याला जोडणारा ‘ना’. त्याला इंग्लिशमध्ये काहीच लागत नाही. ‘द सॅम्पल इज रेडी.’ थांबा. पुढचं बोला.

तिसरं होतं, ‘इट्स स्टिल कोल्ड देअर, इझन्ट इट?’ हे मात्र सगळीकडून बरोबर, थंडी कस्टमरकडे असली तरी ती दोघांनाही माहीत आहे, सर्वनाम जुळतं, क्रियापद जुळतं, आणि गप्पांची सुरुवात म्हणून ब्रिटिश माणूस अगदी असंच बोलेल. सहातलं हे एकच.

इथे आवाजाचं पण सांगते. हवापाण्यावर बोलताना शेवटचा ‘इझन्ट इट’ खाली उतरतो, कारण विचारायचं काही नसतं, ‘हो ना, खूपच’ एवढं ऐकायचं असतं. खरंच माहीत नसेल तर तोच टॅग वर चढतो. हे आपल्याला नवीन नाहीये, ‘तू येणार ना?’ मध्ये ‘ना’ वर जातो आणि ‘आलास ना शेवटी’ मध्ये खाली येतो, मोठ्याने म्हणून बघा. फक्त इंग्लिश बोलताना आपण दर वेळेला एकाच पट्टीत वर चढवतो, आणि मग हवेबद्दलच्या गप्पा पण चौकशीसारख्या वाटायला लागतात.

चौथं, ‘यू विल सेंड द पेमेंट बाय फ्रायडे, इझन्ट इट?’ आणि पाचवं, ‘यू गॉट अवर ड्रॉइंग्ज ऑन मंडे, इझन्ट इट?’ दोन्ही बी आहेत, कस्टमरला विचारण्यासारख्याच गोष्टी. नियमाने एकाला ‘वोन्ट यू’ आणि दुसऱ्याला ‘डिडन्ट यू’. त्याने ते लिहिले पण. तरी मी त्याला म्हटलं की हे म्हणू नकोस, आणि त्याला ते पटेना, बरोबर असून का नाही म्हणायचं? कारण ‘यू गॉट अवर ड्रॉइंग्ज, डिडन्ट यू?’ आवाज खाली उतरवून म्हटलं की ते वकिलाने साक्षीदाराला विचारल्यासारखं होतं, ‘मिळाली होती ना तुम्हाला, मग?’ या टॅगमध्ये उत्तर आधीच ठरवून टाकलेलं असतं आणि समोरच्याने फक्त मान डोलवायची असते. मित्राला चालेल, कस्टमरला पेमेंटबद्दल नको. तिथे सरळ प्रश्न जास्त मऊ पडतो, ‘डिड यू गेट द ड्रॉइंग्ज?’ किंवा ‘कॅन वी एक्स्पेक्ट द पेमेंट बाय फ्रायडे?’ आपल्याला वाटतं टॅग लावला की नम्र झालं, कारण मराठीत ‘शुक्रवारपर्यंत पाठवाल ना?’ हे खरंच नम्र आहे. इंग्लिशमध्ये ते तसं उतरत नाही.

आणि सहावं वाक्य, ज्याच्यावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. ‘यू डोन्ट हॅव एनी मोअर चेंजेस, इझन्ट इट?’

नकारार्थी वाक्य आणि वर नकारार्थी टॅग. कस्टमरने यावर ‘येस’ म्हटलं तर काय समजायचं? बदल आहेत की नाहीत? तिथे ‘डू यू?’ असतं तर तो ‘नो’ म्हणाला असता आणि विषय संपला असता.

पण याच्या मागे अजून एक मोठा खड्डा आहे आणि त्यात आपण जवळपास सगळेच पडतो. मराठीत आई फोनवर विचारते, ‘अजून जेवला नाहीस ना?’ आपण नसू जेवलो तर म्हणतो, ‘हो, नाही जेवलो.’ ‘हो’ म्हणजे ‘तू म्हणतेस ते बरोबर आहे.’ आणि जेवलो असू तर ‘नाही, जेवलोय.’ आपलं हो-नाही समोरच्याच्या वाक्याला उत्तर देतं. इंग्लिशमधलं येस-नो घडलेल्या गोष्टीला उत्तर देतं. जेवण झालं असेल तर ‘येस’, नसेल तर ‘नो’, मग प्रश्न सरळ विचारलेला असो की उलटा. त्यामुळे ‘यू हॅवन्ट ईटन, हॅव यू?’ याला उपाशी माणसाचं उत्तर ‘नो’ आहे. आपण म्हणतो ‘येस’, आणि समोरच्याला वाटतं याचं पोट भरलंय.

जेवणात ठीक आहे हो, पण कॉलवर कस्टमर विचारतो, ‘यू हॅवन्ट शिप्ड द पार्ट्स येट, हॅव यू?’ आपला माणूस मनात ‘हो, नाही पाठवले अजून’ म्हणतो आणि तोंडाने नुसतं ‘येस’. समोरचा लिहून घेतो की माल निघाला. या मुलाने सांगितलं की त्याच्या आधीच्या नोकरीत अगदी असंच झालं होतं, दोन दिवस मेल इकडून तिकडे फिरत होत्या आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा खोटं बोलतोय. यावर मी मुलांना एकच सवय लावते, उलट्या प्रश्नाला नुसतं येस किंवा नो द्यायचंच नाही, पूर्ण वाक्य बोलायचं. ‘नो, वी हॅवन्ट शिप्ड देम येट.’ आणि सुरुवातीला घाबरून येस-नो चुकेल असं वाटत असेल तर तेही सोडा, फक्त ‘वी हॅवन्ट शिप्ड देम येट’. यात गोंधळाला जागाच उरत नाही.

इथे एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय, कारण हे सगळं वाचून कोणाला वाटेल की आपलं ‘इझन्ट इट’ म्हणजे अडाणीपणा. तसं नाहीये. लंडनमधली तरुण मुलं ‘इनिट’ म्हणतात, ते ‘इझन्ट इट’चंच झिजलेलं रूप आहे, आणि ते तेही सगळ्या वाक्यांना लावतात, कर्ता बघत नाहीत की क्रियापद. भारतीय इंग्लिशचा अभ्यास करणारे राकेश भट्ट यांचं म्हणणं आहे की आपल्याकडे हा एकच टॅग उगीच आलेला नाही, तो समोरच्यावर जोर न टाकता बोलण्यासाठी आहे, ‘यू आर गोइंग होम सून, इझन्ट इट?’ हे आपल्या कानाला ‘आरन्ट यू’पेक्षा सौम्य लागतं. मला हे पटतं. दोन पुणेकर हिंजवडीच्या ऑफिसात एकमेकांशी असं बोलत असतील तर त्यांना एकमेकांचं शंभर टक्के कळतंय, तिथे कोणी कोणाला सुधारायला जाऊ नये. अडतं ते बाहेरच्या माणसाशी बोलताना, कारण त्याच्या कानात ‘इझन्ट इट’ आलं की तो मागच्या वाक्यात ‘इज’ आणि ‘इट’ शोधायला जातो, त्याला ते सापडत नाहीत, आणि तेवढ्यात तुमचं पुढचं वाक्य निघून जातं. एकदा झालं तर काही नाही. दोन मिनिटात सहा वेळा झालं की तो तुमचं म्हणणं ऐकायचं सोडून तुमचं ‘इझन्ट इट’ मोजायला लागतो.

आणि म्हणूनच ‘इझन्ट इट’ काढून त्या जागी ‘राइट?’ घालणं हा उपाय नाही. ‘राइट’ला सर्वनाम लागत नाही, क्रियापद लागत नाही, त्यामुळे ते व्याकरणात कधीच चुकत नाही, आणि क्वचित वापरायला छानच आहे, माझी त्याला हरकत नाही. पण बरेच जण एक सोडून दुसरं धरतात, ‘सो आय वेंट टू द सर्व्हर रूम, राइट? अँड द लाइट वॉज ऑफ, राइट?’ आणि तीच ए वाली अडचण परत उभी राहते, तू सर्व्हर रूमला गेलास हे मला कसं माहीत असेल? अधूनमधून शेवटी ‘नो?’ लावणं पण तेच. शब्द बदलला तरी दर वाक्यानंतर समोरच्याकडे होकार मागत राहिलं की माणूस स्वतःच्या बोलण्याबद्दल खात्री नसलेला वाटतो. खुद्द इंग्लिश लोकही दर वाक्याला टॅग लावत नाहीत, आणि अमेरिकन लोक तर ब्रिटिशांपेक्षा कितीतरी कमी वापरतात.

जाता जाता, ‘इझन्ट इट’चा धाकटा भाऊ म्हणजे ‘इज इट?’ कोणी म्हणालं ‘आय बॉट अ स्कूटर’ की आपण ‘इज इट?’ तिथे पण समोरच्याचंच क्रियापद परत करायचं असतं, ‘ओ, डिड यू?’, किंवा नुसतं ‘रिअली?’ पुरतं.

तर मुलाला मी कुठलाही तक्ता पाठ करायला दिला नाही. सांगितलं, तेच बोलणं परत रेकॉर्ड कर, आणि जिथे जिथे ‘इझन्ट इट’ ओठावर येईल तिथे एकच बघ, ही गोष्ट कोणाला माहीत आहे? मला, तर फुलस्टॉप. त्याला, तर सरळ प्रश्न. दोघांना, तर टॅग, आणि तेव्हाच क्रियापद जुळव.

दोन दिवसांनी तो परत आला. नवीन रेकॉर्डिंगमध्ये टॅग एकच होता, तिकडच्या थंडीवरचा, आणि तो सुद्धा आवाज खाली उतरवून नीट म्हटलेला. पेमेंटचा सरळ प्रश्न होता, ड्रॉइंग्जचा पण. बदलांबद्दल त्याने ‘डू यू हॅव एनी मोअर चेंजेस?’ असं स्वतःच सुचवून घेतलं होतं, जे मी सांगितलेल्या ‘डू यू?’ वाल्या टॅगपेक्षा चांगलं आहे. सॅम्पलच्या वाक्यानंतर मात्र सेकंदभर शांतता ऐकू येत होती. मी विचारलं इथे काय झालं, तर म्हणाला, ‘मॅडम, ना आला होता तोंडात, गिळला.’ आणि त्या शांततेनंतर पुढचं वाक्य होतं, ‘वी कॅन शिप इट टुमॉरो.’